लोणार समुद्रात कसं गेलं? अक्षांश-रेखांशावरून जागा बरोबर कशी शोधायची

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती, सातवीत आहे, शाळेच्या प्रोजेक्टसाठी लोणार सरोवराचा नकाशा करत बसली होती. पुस्तकातले दोन आकडे वहीत उतरवले, फोनच्या मॅपमध्ये टाकले आणि पिन पडली नॉर्वेच्याही वर, बर्फाळ समुद्रात. "मामा, बुलढाण्यात समुद्र कुठून आला रे?" आकडे दोन्ही बरोबर होते, फक्त उलटे टाकले होते.

ही चूक लहान मुलंच करतात असं नाही, चांगली मोठी माणसंही करतात, कारण अक्षांश म्हणजे आडव्या रेषा आणि रेखांश म्हणजे उभ्या रेषा एवढंच पाठ केलेलं असतं आणि त्या रेषा मोजतात काय हे कुणी नीट दाखवलेलं नसतं. म्हणून सगळे टप्पे एकेक करून लिहितोय. उदाहरण शेवटपर्यंत एकच, लोणार.

## तयारी

दोन मोसंबी घ्या, शक्यतो गोल, चपटी नकोत. स्केचपेन, कंपासपेटीतला कोनमापक, पट्टी, एक रबरबँड आणि महाराष्ट्राचा पानभर नकाशा असलेला अ‍ॅटलास. सुरी लागेल, ती घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात द्या. फोनही लागेल पण सगळ्यात शेवटी. आधीच फोन उघडला की पिन दिसते आणि मग बाकीचं करायचा कंटाळा येतो, आमच्याकडे तेच झालं होतं.

## १. मोसंब्यावर सुरुवात कुठून करायची ते ठरवा

ग्राफ पेपरला कोपरा असतो, तिथून मोजायला सुरुवात करता येते. चेंडूला कोपरा नसतो, पृथ्वीलाही नाही. मग मोजायचं कुठून?

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे दोन जागा आपोआप वेगळ्या निघतात, त्या म्हणजे ध्रुव. मोसंब्याचा देठ उत्तर ध्रुव समजा, त्याच्या बरोबर विरुद्ध टोक दक्षिण ध्रुव. दोघांच्या बरोबर मधोमध मोसंब्याच्या पोटावरून एक गोल रेघ मारा, हे विषुववृत्त. दोन्ही मोसंब्यांवर हेच करा.

तपासा: मोसंबं हातात फिरवत बघा. रेघ सगळीकडे देठापासून आणि खालच्या टोकापासून सारख्याच अंतरावर आहे ना? एका बाजूला वर चढली असेल तर पुसून पुन्हा मारा, पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

## २. पहिला आकडा: अक्षांश

पहिलं मोसंबं देठातून सरळ खाली कापून घ्या, दोन अर्धे करा. कापलेल्या बाजूचा मध्यबिंदू म्हणजे पृथ्वीचं केंद्र. विषुववृत्ताची रेघ सालीवर जिथे कापली गेली तिथून या केंद्रापर्यंत सरळ रेघ ओढा (रस गळेल, हरकत नाही). आता कोनमापकाचं मधलं टोक केंद्रावर ठेवा, शून्य या रेघेवर ठेवा आणि देठाच्या दिशेने २० अंश मोजून सालीवर खूण करा. लोणार विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळपास २० अंशांवर आहे, म्हणून २०.

म्हणजे अक्षांश हा कोन आहे, केंद्रापाशी मोजलेला. ते सालीवरचं अंतर नाही, किलोमीटर तर अजिबात नाहीत.

आता दोन्ही अर्धे परत जोडून रबरबँड लावा आणि त्या खुणेच्या उंचीवरून मोसंब्याभोवती पूर्ण गोल रेघ काढा. हे २० उत्तर अक्षवृत्त. त्यावर कुठेही बोट ठेवा, अक्षांश २० उत्तरच येणार.

इथेच सगळे चुकतात: रेघ आडवी पूर्व-पश्चिम धावते म्हणून ती पूर्व-पश्चिम मोजते असं वाटतं. उलट आहे. बिल्डिंगचा मजला आडवाच असतो ना, पण तिसरा मजला म्हटल्यावर आपल्याला काय कळतं? उंची. त्या मजल्यावर तुम्ही जिन्यापाशी आहात की गॅलरीत ते कळत नाही. अक्षवृत्त तसंच, आडवं असतं पण सांगतं उत्तर किंवा दक्षिण. मुंबई, अहिल्यानगर आणि नांदेड तिन्ही साधारण १९.१ उत्तरेवर आहेत, मजला एकच, पण मुंबई ते नांदेड जायला रात्रभर ट्रेनमध्ये बसावं लागतं.

अक्षांश शून्यापासून ९० पर्यंतच जातो, ९० ला ध्रुव आला, त्याच्या वर जागाच नाही. आणि उत्तर की दक्षिण हे लिहिल्याशिवाय आकडा अर्धवट.

नुसतं "लोणार २० उत्तर" म्हटलं तर लोणार सापडेल का? नाही सापडणार. ही रेघ महाराष्ट्रातून निघून अरबस्तान, सहारा, क्यूबा, मेक्सिको, हवाई असं करत सगळ्या जगाला वेढा घालते, त्या सगळ्या वेढ्यावर शोधत बसावं लागेल.

## ३. दुसरा आकडा: रेखांश

आता दुसरं मोसंबं. देठापासून खालच्या टोकापर्यंत उभी रेघ मारा, फक्त एका बाजूने, पलीकडून वर परत आणायची नाही. ही मूळ रेखावृत्ताची रेघ, शून्य रेखांश. विषुववृत्त पृथ्वीच्या फिरण्यातून मिळतं, ही रेघ मात्र माणसांनी ठरवलेली आहे, लंडनमधल्या ग्रीनिचवरून जाणारी. दुसरीकडून धरली असती तरी गणित चाललं असतं, फक्त सगळ्यांनी एकच धरायला हवी.

मोसंबं आता पोटावरून आडवं कापा आणि देठाचा अर्धा भाग पालथा करून बघा. फाकी दिसतात, सगळ्या मधल्या बिंदूपाशी एकत्र आलेल्या. कोनमापक या मधल्या बिंदूवर ठेवा, शून्य ग्रीनिचच्या रेघेवर ठेवा आणि पूर्वेकडे ७६.५ अंश मोजून खूण करा.

थांबा, पूर्व कुठली? देठ वर धरून मोसंबं समोर ठेवलं की पूर्व उजव्या हाताला. पण आत्ता आपण अर्धा भाग पालथा करून कापलेल्या बाजूने, म्हणजे खालून बघतोय, त्यामुळे पूर्व घड्याळाच्या काट्याच्या दिशेने येते. गोंधळ वाटत असेल तर सालीवर आधीच उजवीकडे बाण काढून ठेवा आणि मगच पालथं करा. भाचीने बाण काढला नव्हता, तिचं लोणार अमेरिकेच्या बाजूला गेलं.

खुणेपासून देठापर्यंत सालीवरून उभी रेघ ओढा, दोन्ही अर्धे जोडून खालच्या टोकापर्यंत न्या. हे ७६.५ पूर्व रेखावृत्त. रेघ उभी आहे पण सांगते ती पूर्व की पश्चिम आणि किती. नाशिक, पुणे आणि पणजी तिन्ही साधारण ७३.८ पूर्वेवर आहेत, जवळजवळ एकाच उभ्या रेघेवर, एक वर एक मध्ये एक खाली.

रेखांश दोन्ही बाजूंना १८० पर्यंत जातो, अक्षांशासारखा ९० ला थांबत नाही. हा फरक लक्षात ठेवा, सातव्या टप्प्यात उपयोगी पडेल.

## ४. दोन्ही रेघा एकत्र आणा

याच दुसऱ्या मोसंब्यावर आता २० उत्तरेचं गोल अक्षवृत्तही काढा, पहिल्या मोसंब्यावर बघून. ते आणि ७६.५ ची उभी रेघ जिथे एकमेकांना कापतात तिथे ठिपका द्या. ते लोणार.

ठिपका एकच आला ना? आता त्याचं कारण बघा, कारण पुस्तकात हे दिसत नाही. उभी रेघ आपण अर्धीच काढली होती म्हणून एक ठिपका आला. ती पलीकडून फिरवून पूर्ण गोल केली असती तर अक्षवृत्ताला दोनदा कापलं असतं, एकदा लोणारला आणि एकदा पृथ्वीच्या बरोबर पलीकडच्या बाजूला. त्या पलीकडच्या अर्ध्या रेघेला वेगळा आकडा आहे, १८० वजा ७६.५, म्हणजे १०३.५ पश्चिम. तिथे काय आहे माहितीये, मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यातला सायुला गावाचा परिसर, आणि गंमत म्हणजे तिथेही एक खारट तळं आहे. लोणारचं पाणीही खारट. अर्थात हा निव्वळ योगायोग.

फाकींकडे अजून एकदा बघा. पोटापाशी रुंद, देठाकडे निमुळत्या होत शून्य. म्हणून एक अंश रेखांश म्हणजे किती किलोमीटर याचं सगळीकडे एकच उत्तर नाही. विषुववृत्तावर सुमारे १११, लोणारपाशी सुमारे १०५, आणि नॉर्वेतल्या ऑस्लोपाशी जेमतेम ५६. अक्षांशाचा एक अंश मात्र सगळीकडे साधारण १११ किलोमीटरच. दोन गावांमधलं अंतर काढताना दोन्हींना १११ ने गुणायची सवय असेल तर ती इथेच सोडा.

## ५. अ‍ॅटलासमधून आकडे वाचा

मोसंबं झालं, आता खा. अ‍ॅटलास उघडा.

नकाशाच्या डाव्या-उजव्या कडेला लिहिलेले आकडे अक्षांशाचे, वर-खाली लिहिलेले रेखांशाचे. लोणार शोधून बारीक ठिपका द्या. रेषा बहुतेक दर दोन अंशांनी असतात, गाव बरोबर रेषेवर कधीच नसतं, त्यामुळे मधलं अंतर मोजावं लागतं आणि मुलं नेमकं हेच टाळतात, जवळची रेषा दिसली की तोच आकडा लिहून मोकळी.

समजा ७६ आणि ७८ च्या उभ्या रेषांमध्ये पट्टीने ४० मिलिमीटर अंतर आलं, आणि ७६ पासून लोणार १० मिलिमीटरवर आहे. ४० मिलिमीटरला २ अंश, मग १० मिलिमीटरला अर्धा अंश. ७६ अधिक ०.५, झालं ७६.५ पूर्व. अक्षांशासाठी लोणार २० च्या रेषेला खालून जवळजवळ चिकटलेलंच दिसेल, म्हणजे २० पेक्षा किंचित कमी.

तपासा: पट्टी आपल्या ठिकाणाच्या उंचीवरच आडवी धरली का? बऱ्याच नकाशांत उभ्या रेषा वर जवळ येत जातात, मग खालच्या कडेला मोजलेलं अंतर लोणारला लागू होत नाही. आणि एवढ्या नकाशावर एक मिलिमीटर चुकलात तर जमिनीवर पाच किलोमीटर चुकलात, त्यामुळे अ‍ॅटलासवरून काढलेल्या उत्तरात दशांशानंतर चार आकडे लिहू नका, ते खोटे असतात.

## ६. मिनिटं-सेकंदांचं दशांशात रूपांतर

पुस्तकात लोणार असं दिलेलं असतं: १९ अंश ५८ मिनिटं ३६ सेकंद उत्तर, ७६ अंश ३० मिनिटं ३० सेकंद पूर्व. ही घड्याळाची मिनिटं नाहीत पण हिशोब घड्याळासारखाच, एका अंशात ६० मिनिटं, एका मिनिटात ६० सेकंद.

मिनिटांना ६० ने भागा, सेकंदांना ३६०० ने भागा, दोन्ही अंशात मिळवा.

```
19 + 58/60 + 36/3600 = 19.9767
76 + 30/60 + 30/3600 = 76.5083
```

मोठी चूक: ५८ आणि ३६ तसेच दशांशचिन्हापुढे चिकटवून १९.५८३६ लिहिणं. साडेतीन वाजले म्हणजे ३.३० नाही, ३.५ तास, तसंच आहे हे. ही चूक वाईट, कारण ती पटकन दिसत नाही. दोन्ही आकडे असे चिकटवले तर पिन समुद्रात न जाता जालना जिल्ह्यात मंठा-परतूरच्या बाजूला पडते, लोणारपासून सुमारे ४८ किलोमीटर लांब, आणि महाराष्ट्रच दिसतोय म्हणून कुणाला शंकाही येत नाही. सरोवराचं अख्खं विवर आहे जेमतेम पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद.

तपासा: ५८ मिनिटं म्हणजे अंश पूर्ण व्हायला दोनच मिनिटं कमी, मग उत्तर २० च्या अगदी जवळ यायला हवं. १९.५८ आलं तर कुठेतरी गडबड आहे.

## ७. आता फोन

मॅपच्या सर्चमध्ये आधी अक्षांश, मग कॉमा, मग रेखांश. आकडे इंग्रजी कीबोर्डवरून टाका.

```
19.9767, 76.5083
```

क्रम उलटा होतो त्याला कारण आहे, आणि ते मुलांच्या निष्काळजीपणाचं नाही. शाळेत ग्राफ काढताना आपण आधी आडवं अंतर मोजतो, मग उभं. इथे आधी उत्तर-दक्षिण आणि मग पूर्व-पश्चिम, म्हणजे नेमकं उलटं, त्यामुळे ज्याचं गणित चांगलं तोच जास्त फसतो.

उत्तर आणि पूर्व असेल तर आकडा नुसता लिहायचा, दक्षिण किंवा पश्चिम असेल तर पुढे वजाचं चिन्ह. भारतातल्या कुठल्याही जागेला वजा लागत नाही.

पिन भलतीकडे पडली तर लगेच खोडू नका, कुठे पडली ते बघा, चूक तिथेच कळते. लोणारसाठी सांगतो. स्वालबार्ड बेटांजवळच्या थंड समुद्रात गेली तर आकड्यांची अदलाबदल झाली. क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्यापाशी गेली तर रेखांशाला वजा लागलं, पूर्वेचं पश्चिम झालं. मॉरिशसच्या बऱ्याच पूर्वेला हिंदी महासागरात पडली तर अक्षांशाला वजा लागलं. आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात पडली तर आकडे पोचलेच नाहीत, फोनने दोन्ही शून्य धरले, तिथे विषुववृत्त आणि मूळ रेखावृत्त एकमेकांना कापतात.

आणि आसाममधल्या गुवाहाटीसारख्या ठिकाणाचा रेखांश ९१ च्या पुढे आहे, तो उलटा टाकलात तर पिन पडतच नाही, कारण अक्षांश ९० च्या वर नसतोच. तिसऱ्या टप्प्यात लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते हे.

## ८. फोन बाजूला ठेवून आकाशातून तपासा

हा टप्पा केला नाही तरी चालेल, पण मला सगळ्यात जास्त हाच आवडतो.

अक्षांश: रात्री उत्तरेला ध्रुवतारा शोधा. तो क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो जवळपास तितकाच तुमचा अक्षांश. हात ताठ करून समोर धरलेली मूठ साधारण १० अंशांची असते, म्हणजे लोणारला ध्रुवतारा क्षितिजापासून दोन मुठी वर. महाराष्ट्रात तो इतका खाली असतो की समोर बिल्डिंग किंवा झाड असलं की दिसतच नाही, त्यामुळे उत्तरेकडे मोकळी गच्ची किंवा शेत लागतं.

रेखांश: यासाठी सूर्य आणि बरोबर चालणारं घड्याळ. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. भारताचं घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशावर लावलेलं आहे, आपण त्याच्या पश्चिमेला, त्यामुळे आपल्याकडे सूर्य डोक्यावरून जायला उशीर होतो. लोणार ६ अंश पश्चिमेला, म्हणून २४ मिनिटं उशीर, १२ वाजून २४ मिनिटांनी.

हे २५ डिसेंबरच्या आसपासच करा. इतर दिवशी सूर्य घड्याळाच्या थोडा मागे-पुढे चालतो, कधीकधी पाव तासापर्यंत, आणि पाव तास म्हणजे जवळपास चार अंश. नाताळच्या सुमाराला हा फरक शून्याजवळ असतो, वर सावली चांगली लांब पडते.

काठी सरळ उभी रोवा. सावली सगळ्यात छोटी कधी होते ते बघत बसू नका, दुपारी ती दहा-पंधरा मिनिटं जवळपास तेवढीच दिसते. त्यापेक्षा साडेअकराला सावलीच्या टोकाशी खूण करा, काठीभोवती तेवढ्याच मापाचं वर्तुळ दोरीने काढा, आणि दुपारी सावली लांबत पुन्हा त्या वर्तुळाला कधी टेकते ती वेळ लिहा. दोन्ही वेळांच्या मधोमध सूर्य सगळ्यात वर होता.

मागच्या वर्षी पुण्यात गच्चीवर आम्ही दोघांनी केलं. साडेअकराची खूण, सावली परत टेकली १ वाजून ४० मिनिटांनी, मधली वेळ १२:३५. म्हणजे ३५ मिनिटं उशीर, भागिले ४ केलं की ८.७५ अंश, ८२.५ मधून वजा केले, ७३.७५ पूर्व. पुण्याचा खरा रेखांश ७३.८६ च्या आसपास. फरक साधारण बारा किलोमीटरचा, म्हणजे अर्ध्या मिनिटाचीही चूक नाही. भाची म्हणाली, "मामा, आपण हडपसरला बसून वारज्याला गेलो." दुसऱ्या दिवशी तिने काठीला ओळंबा लावला.